आत्याच्या घड्याळाची बॅटरी

आत्या पडली, तर तिचं स्मार्टवॉच माझ्या वडिलांना फोन लावतं. त्या भरवशावरच ते तिला एकटं राहू देत. दोन वर्षांत घड्याळ दुपारीच मान टाकू लागलं.

"आता आमच्याकडे चल," वडील म्हणाले.

"बॅटरी म्हातारी झालीय, मी नाही!"

सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, "आजी, नवीनच घ्या."

"दात पडला म्हणून डोकं बदलतोस का रे?"

तडक ती कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेली. त्याने नवी बॅटरी घातली आणि बजावलं, "एकदा उघडलंय, आता पाण्यात भरवसा नाही. अंघोळीला काढून ठेवा."

वडिलांना तेवढंच हवं होतं. "आणि बाथरूममध्ये पडलीस तर?"

आत्याने भिंतीत स्टीलचा दांडा ठोकून घेतला. "लोंबकळून बघ. हलला, तर येते."

वडील लोंबकळले. दांडा हलला नाही.