शिपायाचा वंशज

चिखलीत आमच्या गल्लीत सायकली दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते. त्यांना इतिहासातली जुनी पत्रं वाचायचा नाद. घरी टीव्ही नव्हता, म्हणून ऐतिहासिक मालिका ते आमच्याकडे पाहत आणि प्रत्येक प्रसंगाला न बोलता बोटं वर करत. एक बोट म्हणजे हे त्या काळच्या पत्रात आहे, दोन म्हणजे मागाहून लिहिलेल्या बखरीत आहे, तीन म्हणजे मालिकेच्या लेखकानं रचलंय. राणी घोड्यासकट बुरुजावरून उडी घेई, माझी बायको डोळे पुसे, आणि यांची तीन बोटं वर!

एकदा मालिकेतल्या शिपायानं एकट्यानं किल्ल्याचा दरवाजा अडवून धरला. त्याचं आडनाव नेमकं यांचंच निघालं. गल्लीनं यांना त्याचे वंशज ठरवून टाकलं. पारावर सत्कार झाला, फेटा बांधला, टाळ्या पडल्या. ते बोलायला उठले तेव्हा चेहरा खुलला होता. मला वाटलं, आज तरी बोटं वर होणार नाहीत.

"त्या काळच्या एकाबी पत्रात हा शिपाई नाही," ते म्हणाले. "बखर शंभर वर्षांनी लिहिली, तिच्यात नुसतं 'एक शिपाई' हाय. आडनाव मालिकावाल्यायनं देल्लं. मी कोनाचा वंशज नाही, बावा."

सत्कार ठेवणारा दुकानदार वैतागून म्हणाला, "मंग फेटा काढा!"

"काऊन? फेटा तुमीच बांधला, साऱ्या गल्लीनं पाह्यला," ते म्हणाले. "त्याले पुरावा हाय."

आणि फेट्यासकट घरी गेले.