एकास दोन

दुधात पाणी घालणारा माणूस मला आजवर येरमाळ्यात प्रत्यक्ष सापडला नाही, पण गणिताच्या पुस्तकात मात्र असे छप्पन भेटले. "एक गवळी दुधात पाणी मिसळतो" अशी सुरुवात दिसली की माझ्या सासूबाईंचा पारा चढायचा. घरात दोन म्हशी, डेअरीत दूध घालायचं, आणि सून रोज सकाळी ओट्यावर बसून पाणचट दुधाची गणितं सोडवणार. त्यांना ते अपशकुनासारखं वाटायचं. त्यांनी एकदा विचारलंच, की परीक्षा घेणाऱ्यांना दुसरा धंदा ठाऊक न्हाय का.

मी सदतीस वर्षांची होते. लिपिकाच्या एका भरतीचा फॉर्म भरलेला, आणि त्यानंतर वयाची अट मला बाहेर काढणार होती. आधीच्या तीन परीक्षांत मी दर वेळी थोडक्यात राहिले होते. "थोडक्यात" हा शब्द मला तेव्हापासून सहन होत नाही. लोक तो सांत्वनाला वापरतात आणि माझं डोकं फिरतं.

रोज दुपारी एसटीनं कळंबला जायचं, क्लास करायचा, संध्याकाळी परत. क्लासमधली निम्मी पोरं माझ्या भाच्यांच्या वयाची. सर माझ्याहून पाच वर्षांनी लहान, म्हणून ते मला ताई म्हणायचे आणि मी त्यांना सर. माणूस चांगला, मेहनती, आणि त्यांची मिश्रणाची क्रॉस पद्धत तर आख्ख्या तालुक्यात गाजलेली. त्यांनी ती पहिल्यांदा शिकवली तेव्हा मी खरंच खूश झाले होते. तीस रुपये किलोचा गहू, बेचाळीस रुपये किलोचा गहू, आणि मिश्रण तेहतीस रुपये किलोचं हवं. डावीकडं तीस, उजवीकडं बेचाळीस, मध्ये तेहतीस. मग तिरपी वजाबाकी करायची: बेचाळिसातून तेहतीस गेले नऊ, ते तिसाच्या खाली. तेहतिसातून तीस गेले तीन, ते बेचाळिसाच्या खाली. नवास तीन, म्हणजे तिनास एक. स्वस्त गहू तीन भाग, महाग एक. तेहतीस हा तिसाच्या जवळ आहे, मग तिसाचाच गहू जास्त लागणार, हे तर आमच्या सासूबाईंनाही कळलं असतं. दोन समीकरणं मांडून मी तीन मिनिटं घालवायचे ते दहा सेकंदांत निघायला लागलं.

पण माझी एक खोड होती. उत्तर आलं की मी ते लिटर-किलोत घालून बघायचे. तीन किलो स्वस्त, एक किलो महाग, एकूण एकशे बत्तीस रुपये, भागिले चार, तेहतीस. हां, बरोबर. सर म्हणायचे, ताई, परीक्षेत एवढा वेळ नसतो. मी मान हलवायचे आणि तेच करायचे.

लातूरला परीक्षा झाली. मिश्रणाचा एकच प्रश्न आला, तोही दुधाचाच. पहिल्या भांड्यात दूध आणि पाणी चारास एक, दुसऱ्या भांड्यात एकास एक. दोन्ही कोणत्या प्रमाणात मिसळावीत म्हणजे नव्या मिश्रणात दूध आणि पाणी तिनास दोन होईल? पर्याय चार: एकास दोन, एकास पाच, दोनास एक, पाचास एक. मी आधी भांड्यांची दहा-दहा लिटरं केली. पहिल्यात दहापैकी आठ दूध. दुसऱ्यात दहापैकी पाच. हवं ते दहापैकी सहा. आता क्रॉस: सहातून पाच गेले एक, आठातून सहा गेले दोन. एकास दोन. पडताळून पाहिलं आणि पुढं गेले.

महिनाभरानं पहिली उत्तरतालिका आली आणि त्या प्रश्नासमोर लाल फुली होती. त्यांचं उत्तर, एकास पाच.

क्लासच्या ग्रुपवर सगळ्यांनी आपापले गुण टाकले होते. सरांनी अंदाज बांधून कट-ऑफ कुठं लागेल ते सांगितलं. मी त्याच्या बरोबर दोन गुणांनी खाली. एका प्रश्नाला दोनच गुण होते. पुन्हा थोडक्यात.

तालिकेवर आक्षेप घ्यायला चार दिवस होते. मी दुसऱ्याच दिवशी क्लासला गेले आणि सरांना सांगितलं की तालिका चुकलीय, तुम्ही आक्षेपाला दोन ओळी लिहून द्या. सरांनी प्रश्न वाचला, लगेच फळ्याकडं वळले. चारास एक म्हणजे चार. एकास एक म्हणजे एक. तिनास दोन म्हणजे दीड. दीडातून एक गेला अर्धा, चारातून दीड गेले अडीच. अर्ध्यास अडीच, एकास पाच. खडू खाली ठेवून ते म्हणाले, "ताई, तालिका बरोबर आहे. उगाच आक्षेपाचे पैसे घालवू नका."

मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. तिथं ऐंशी टक्के पोरांनी एकास पाचवरच टिचकी मारलेली होती, त्यांचा आनंद मला समजत होता. मी फळ्यावरचा क्रॉस वहीत माझ्या क्रॉसशेजारी उतरवून घेतला आणि एसटी गाठली.

येरमाळ्यापर्यंत एसटीत मी त्या दोन क्रॉसकडं बघत होते. वहीच्या एकाच पानावर दोन्ही. आकडेमोडीत कुठंच चूक नाही, मग उत्तरं दोन कशी? आणि सगळ्यात वाईट म्हणजे मलाच शंका यायला लागली. सरांनी हजारो पोरं घडवलेली. मी कोण? दहावीला गणितात काठावर पास झालेली बाई.

घरी आले तेव्हा सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. मी त्यांच्या पुढ्यातले शेंगदाणे ओढले, कपाटाखालून चिंचोक्यांचा डबा काढला आणि जमिनीवर मांडामांड सुरू केली. शेंगदाणा म्हणजे दूध, चिंचोका म्हणजे पाणी. पहिल्या भांड्याचे पाच: चार शेंगदाणे, एक चिंचोका. दुसऱ्या भांड्याचे त्याच्या दुप्पट, दहा: पाच शेंगदाणे, पाच चिंचोके. एकत्र केले तर नऊ शेंगदाणे आणि सहा चिंचोके. तीन शेंगदाण्यांमागं दोन चिंचोके अशा तीन रांगा लागल्या, एकही दाणा उरला नाही.

मग सरांचं उत्तर मांडलं. पहिल्याचे दहा: आठ शेंगदाणे, दोन चिंचोके. दुसऱ्याचे पाचपट, पन्नास: पंचवीस आणि पंचवीस. सगळे मिळून तेहतीस शेंगदाणे, सत्तावीस चिंचोके. सासूबाई रांगा लावायला लागल्या, तिनास दोन, तिनास दोन. अकरा रांगा लागल्या, शेंगदाणे संपले, आणि पाच चिंचोके तसेच राहिले.

त्यांनी ते पाच चिंचोके हातात घेतले आणि म्हणाल्या, "पाणी जास्त झालं की गं ह्याच्यात. तुझा मास्तर डेअरीत असता तर दूध परत आलं असतं."

आणि तिथंच मला लख्ख कळलं. डेअरीत मोजतात ते लिटरभर दुधात काय आहे ते. गव्हाचा भाव पण एका किलोचा असतो, म्हणून तिथं क्रॉस चालतो. सरांनी घेतलेले चार, एक आणि दीड हे एका लिटर मिश्रणात किती दूध आहे ते सांगतच नाहीत, एका लिटर पाण्यामागं किती दूध ते सांगतात. आपण भांडी मिसळतो ती मिश्रणाची, तर क्रॉसमध्ये आकडाही एकूण मिश्रणातल्या वाट्याचाच हवा. चार नाही, पाचातले चार. पद्धत खोटी नव्हती, तिच्यात चुकीचं धान्य भरलं होतं. मला इतका आनंद झाला की मी त्या भरात मूठभर दूध खाऊन टाकलं.

आक्षेप मीच लिहिला. एक पान. वर बरोबर क्रॉस, दहापैकी आठ, पाच आणि सहा. खाली दोन्ही उत्तरांचा ताळा: एकास दोन घेतलं तर नऊ आणि सहा, म्हणजे तिनास दोन. एकास पाच घेतलं तर तेहतीस आणि सत्तावीस, म्हणजे अकरास नऊ. शेवटी एक वाक्य लिहिलं, की हे मिश्रण प्रश्नात मागितलेलं नाही. कळंबच्या नेट कॅफेत बसून शेवटच्या दिवशी तो कागद चढवला, फी भरली. त्याच संध्याकाळी सरांनी ग्रुपवर टाकलं की कुणी भावनेच्या भरात आक्षेप घेऊ नयेत. नाव नव्हतं घेतलं, पण सगळ्यांना कळलं. मी त्याखाली अंगठ्याचा इमोजी टाकून दिला.

पुढचे दोन महिने मी क्लासला गेले नाही. राग होताच, आणि भीतीही होती, खोटं कशाला बोलू. रात्र रात्र जागले वगैरे नाही, पण पोळी तव्यावर करपायची आणि वास येईपर्यंत कळायचं नाही.

अंतिम उत्तरतालिका आली तेव्हा मी म्हशीला पेंड घालत होते. क्लासमधल्या माझ्या एका मैत्रिणीचा फोन आला. ती रडत होती, कारण तिचे दोन गुण गेले होते, आणि माझ्यासाठी हसतही होती. तिनं एकास पाच लिहिलं होतं. तरीही पहिला फोन तिनंच केला, हे मी जन्मात विसरणार नाही. तालिकेत त्या प्रश्नासमोर एकास दोन आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन. म्हणाले, ताई, उद्या वर्गात या. मी जरा ताठ्यातच गेले. फळा कोरा होता. सर सगळ्यांसमोर उभे राहिले, अडखळत म्हणाले, "माझं चुकलं. मी चार वर्षं हे असंच शिकवतोय. आज ताई शिकवतील." खडू माझ्या हातात दिला आणि स्वतः पहिल्या बाकावर जाऊन वही उघडून बसले. माझा राग तिथंच गेला. चूक कबूल करायला चार भिंतींत पण जमत नाही लोकांना, ह्यांनी साठ पोरांपुढं केली.

मी आधी गव्हाचा क्रॉस काढला, मग दुधाचा. मग सरांचा जुना क्रॉस काढून त्यात आकडा कुठं घसरतो ते दाखवलं. साठ जणांनी उतरवून घेतलं. मला त्या दिवशी जे वाटलं ते नोकरीच्या आदेशाच्या दिवशीही वाटलं नाही.

आदेश मिळाला, हो. निवड यादीत माझं नाव सगळ्यात शेवटी होतं. माझ्या खाली रेघ, रेघेखाली प्रतीक्षा यादी. त्या दोन गुणांशिवाय मी रेघेच्या खाली असते.

पेढे वाटले तेव्हा शेजारच्या काकूंनी सासूबाईंना विचारलं, सुनेचा कितवा नंबर आला. मला वाटलं आता शेवटचा म्हणून सांगावं लागणार, मी आत वळलेच होते. सासूबाईंनी पेढ्याचा डबा काकूंच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "नंबर काय विचारता? पेपर काढणाऱ्यांचं गणित दुरुस्त करून आलीय ती."