नाव न लावलेलं कार्ड

आधी मूर्खपणा कबूल करून टाकते. हाती घेतलेल्या कामावर मी आठवडाभर माझं नाव लावलं नाही, कारण मला भीती वाटत होती. तेव्हा मी चोपन्न वर्षांची. आता साठीतून त्या बाईकडे पाहिलं की वाटतं, किती कोवळी होती बिचारी, आणि किती बावळट.

बारा वर्षं घर सांभाळून मी पुन्हा डेव्हलपर म्हणून लागले होते. करार सहा महिन्यांचा, काम लोणावळ्यातल्या घरूनच. तो करार वाढवायचा की नाही, हे आमचा टीम लीड येत्या सोमवारी उर्स्याच्या ऑफिसात सांगणार होता.

आमची कंपनी भाड्याच्या बंगल्यांसाठी बुकिंगचं सॉफ्टवेअर बनवायची. प्रत्येक अडचण ट्रॅकरवर एक कार्ड होऊन यायची, वर नंबर आणि कोपऱ्यात करणाऱ्याचं नाव. काम सुरू करताना नाव लावायचं आणि कार्ड 'करायचंय'मधून 'चालू'मध्ये सरकवायचं. सरकवलं की ते किती दिवस तिथे आहे, हे अख्ख्या टीमला दिसतं. तिथेच माझी पाचावर धारण बसायची. पोरं दोन दिवसांत उरकतात ते मला सहा दिवस लागले तर? मग मी शक्कल लढवली: गुपचूप करायचं, पूर्ण झालं की नाव लावायचं, एका दिवसात केल्यासारखं मिरवायचं.

कार्ड असं होतं: एकच बंगला एकाच रात्रीसाठी दोन पाहुण्यांना दिला जातो, ते थांबवा. सकाळच्या कॉलवर लीडनं विचारलं की मी म्हणायचे, "बुकिंगचंच चालू आहे." सगळं सॉफ्टवेअरच बुकिंगचं, त्यामुळे त्याला ते माझ्या नावावरचं दुसरं काम वाटायचं.

शुक्रवारी दुपारी मी माझी ब्रँच, म्हणजे माझ्या बदलांची वेगळी प्रत, सर्व्हरवर चढवली. ब्रँचच्या नावात कार्डाचा नंबर असला की ट्रॅकर ती आपोआप त्या कार्डाखाली दाखवतो. मी नाव लावायला कार्ड उघडलं, तर खाली दोन ब्रँच. दुसरी वीस मिनिटांपूर्वीची, आमच्याच टीममधल्या, वडिवळे गावच्या मुलीची.

आठवडा पाण्यात, आणि सोमवारी लीड बघणार की म्हातारीनं काहीच केलं नाही. मी घाईनं माझं नाव लावलं. क्षणात तिथे तिचं आलं. मी पुन्हा माझं लावलं. पुन्हा तिचं. मग आठवलं की ट्रॅकर प्रत्येक बदल वेळेसकट नोंदवून ठेवतो आणि लीडला त्याची मेल जाते. चार मेल गेल्या होत्या.

फोन वाजला. "मॅडम, तुम्ही माझं कार्ड का घेताय?"

"तुझं कसं? त्यावर नाव कुठे होतं?"

"तुमचं तरी कुठं होतं?"

मग तिचा आवाज बारीक झाला. "सोमवारी मला पर्मनंट करायचं का न्हाई ते ठरनार हाय, मावशी. कार्ड लय दिस 'चालू'त दिसलं असतं, म्हून नावच न्हाई लावलं."

"तू पण?" मी म्हटलं. मला हसूही येईना.

घाबरत घाबरतच आम्ही एकमेकींचे कोड उघडले. माझा कोड बुकिंग नोंदवण्याआधी बंगला मोकळा आहे का, ते पुन्हा तपासायचा. तिनं माझ्या कोडला दोन बुकिंग एकदम पाठवून पाहिली. दोन्ही वेळा बंगला मोकळा दिसला, दोन्ही नोंदली गेली. तिनं दर बंगल्याच्या दर रात्रीची एकेक ओळ ठेवली होती आणि तीच बंगला-रात्रीची जोडी दुसऱ्यांदा घ्यायचीच नाही, असं डेटाबेसलाच बजावलं होतं. तिथे एकच बुकिंग टिकलं, दुसरं परत फिरलं. माझा आठवडा गेला तो गेलाच. पण मी लिहिलेल्या तीस चाचण्या तिच्या कोडवर चालवल्या तर एक नापास: बुकिंग रद्द झालं तरी तिच्या ओळी तशाच राहायच्या, बंगला कायमचा अडकायचा.

तिनं ते दुरुस्त केलं. माझ्या चाचण्या तिच्या ब्रँचमध्ये घेतल्या आणि माझी ब्रँच मी बंद केली. कार्डाखाली काय काय घडलं ते खरं खरं लिहिलं. पाठवायचं बटण दाबताना वाटलं, जणू राजीनामाच पाठवतेय.

सोमवारी उर्स्याला पोचले तेव्हा लीडच्या स्क्रीनवर तेच कार्ड होतं, आमच्या नावांची ओढाताण मिनिटासकट. त्यानं ते सगळं सावकाश वाचलं. मग तो माझ्याकडे वळला.

"मॅडम, हे कार्ड कोणीच घेईना म्हणून आठवडाभर माझी झोप उडाली होती, शेवटी रविवारी मीच करायला बसणार होतो. तिला पर्मनंट करतोय, तुमचा करार वाढवतोय. फक्त पुढच्या वेळी घाबरायचं असेल तर नाव लावून घाबरा."