तीन म्हणजे काय

रत्नागिरीतल्या एका खासगी रुग्णालयात मी कर्मचाऱ्यांचं कामकाज बघायचे. दरवर्षी मार्चमध्ये सिस्टर लोकांच्या कामाला एक ते पाच गुण द्यायचे असत. एक म्हणजे वाईट, पाच म्हणजे उत्तम. मधल्या आकड्यांचा अर्थ कुठेच लिहिलेला नव्हता.

एके दिवशी देवरूखकडची एक जुनी सिस्टर राजीनामा घेऊन आली. चार वर्षं तिला तीनच मिळाले होते.

"मॅडम, तीन म्हणजे काय? काय केलं असतं म्हणजे चार मिळाले असते?"

मी गुण देणाऱ्या मेट्रनबाईंकडे, म्हणजे सिस्टरांच्या प्रमुखांकडे गेले. त्यांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "सगळ्यांना तीनच देते. उगाच वाद नकोत." गुणांच्या त्या चारही फॉर्मांवर माझी सही होती. महिनाअखेरीला ती गेली.

मग मी, मेट्रनबाई आणि दोन सिस्टर प्रत्येक आकड्याचा अर्थ लिहून काढायला दुपारचं बसू लागलो. पहिलाच मुद्दा घेतला, पाळी बदलताना पेशंट सोपवण्याचा.

"तीनवाली काय करते?"

"व्यवस्थित सोपवते," मेट्रनबाई म्हणाल्या.

"व्यवस्थित म्हणजे तुम्हाला काय दिसतं?"

 त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. तीन: पेशंटच्या खाटेपाशी उभं राहून तब्येत, दिलेली आणि राहिलेली औषधं सांगते, वहीत लिहिते. दोन: सांगते, पण काही सुटतं, पुढचीला विचारावं लागतं. एक: न सोपवता निघून जाते, किंवा औषधाची ॲलर्जी सांगायचीच राहते. चार: तीनमधलं सगळं करून शिवाय पुढे कशावर लक्ष ठेवायचं आणि का, तेही सांगते. पाच: हे सगळं करून इतरांना मदत करते.

दोन सुपरवायझरना एकमेकींना न विचारता एकाच सिस्टरला गुण द्यायला लावले. एकीने चार दिले, दुसरीने पाच. घोळ 'मदत करते' या शब्दांत होता. ते खोडून लिहिलं, 'नव्या सिस्टरला शिकवते, आणि तिला ते जमेपर्यंत सोबत उभी राहते.' पुन्हा दिले, तेव्हा दोघींचे चार आले.

त्या दिवशी मेट्रनबाईंनी तो कागद पुन्हा वाचला. म्हणाल्या, "ती गेली ना, तिचे खरे पाच होते. इथल्या निम्म्या पोरींना तिनेच शिकवलंय."

मी तिला फोन केला. ती देवरूखच्या एका दवाखान्यात लागली होती. सगळं सांगितलं, माझी चूक झाली हेही सांगितलं.

"हे माझ्या फायलीत लागेल?" तिने विचारलं.

"पत्र लावते. पण ती वर्षं काही परत देता येणार नाहीत."

ती म्हणाली, "मग तो कागद मला पाठवा. इथेपण नुसते आकडेच देतात."

संध्याकाळच्या आत पाठवला.