कालचे वाल

कारध्याच्या शकुनबाईला साखरेची बिमारी जडून बावीस वर्षं झाली होती. नवरा यादोराव भंडाऱ्याला एका डॉक्टरकडे कंपाउंडर होता. तिला सुई तोच टोचायचा, लघवीही तोच तपासायचा. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचं. निळंच राहिलं तर साखर नाही, विटकरी झालं तर भरमसाठ. या नळीवर त्याचा बायकोपेक्षा जास्त विश्वास होता.

चौऱ्याऐंशी साली रंगांचा मेळ बसेना. जेवून दोन तास झाले की निळा, आणि मधे काही न खाता संध्याकाळी विटकरी.

"काय खाल्लं चोरून?"

"काही नाही जी. दोन घास खाल्ले का पोट भरते, मळमळून येते मले."

"मंग हा रंग कुठून आला?"

त्यानं गूळ, साखर, मुरमुरे सगळं पेटीत घालून कुलूप लावलं. शेजारच्या सुमनबाईला सांगून ठेवलं, "इले काही देऊ नका, चोरटी आहे." आणि सुईतलं औषध वाढवलं.

त्या सोमवारी त्यानं सुई दिली, समोर बसवून भात खायला लावला, एकेक घास मोजला. तासाभरात शकुनबाईचं लुगडं घामानं भिजलं.

"मले साखर द्या जी. हात कापून राहिले."

"आत्ताच माह्यासमोर जेवली ना तू? साखर कमी होईल कशी? सोंग नको करू."

ती पेटीपर्यंत सरकत गेली, कुलूप ओढू लागली. त्यानं तिचा हात झटकला. मग तिला झटके आले, दातांखाली जीभ सापडली.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज गेलं तेव्हा तिनं डोळे उघडले आणि भडाभडा ओकली. ओकारीत सकाळच्या भाताबरोबर अख्खे वालही होते. तरुण डॉक्टरांनी विचारलं, "वाल कधी खाल्ले?"

"काल सकाळी," यादोराव म्हणाला.

डॉक्टरांनी ओकारीतले वाल पुन्हा एकदा पाहिले. मग म्हणाले, "जुन्या मधुमेहानं पोटाच्या नसा निकामी होतात. अन्न पुढं सरकत नाही. सुई वेळेवर काम करते, पण भात पोटातच पडून राहतो, म्हणून साखर खाली जाते. तो उशिरा पुढं गेला की साखर चढते. यांनी चोरून काही खाल्लेलं नसणार. पोट लवकर भरतं, मळमळतं, असं कधी बोलल्या नाहीत?"

"कधीच नाही," यादोराव म्हणाला.

शकुनबाईनं ऐकलं. जीभ सुजून तोंडभर झाली होती. तिनं मान हलवायचा प्रयत्न केला. डॉक्टरांचं लक्ष कागदाकडे होतं.

नागपूरला काढलेल्या पोटाच्या एक्स-रे फोटोतही तेच दिसलं. सकाळी पाजलेलं पांढरं औषध दुपारीही पोटातच होतं. मग पातळ पेज, थोडी थोडी, आणि सुई जेवण झाल्यावर. रंग तरीही लहरीच राहिले. शकुनबाई आणखी दोन वर्षं जगली. सुमनबाईला खरं काय ते यादोरावानं सांगितलंच नाही. शकुनबाई दारात दिसली की सुमनबाई आपली भाकरीची टोपली उचलून आत नेऊन ठेवायची.