चहाच्या गोलातलं नाव

माझा टायपिंगचा वेग चांगला होता आणि तो मला जरा जास्तच ठाऊक होता. सगळी गोची तिथूनच सुरू झाली.

दोन हजार सालानंतरची वर्षं. नाशिकमध्ये सातपूरच्या रस्त्याला, एका वेल्डिंगच्या दुकानावर आमची खोली होती. आठ कॉम्प्युटर, दोन पंखे आणि खालून दिवसभर येणारा तो जळका वास. गोदेच्या काठानं एक रस्ता व्हायचा होता. त्यात कुणाकुणाच्या जमिनी जाणार त्याची यादी करायचं काम आमच्या मालकानं घेतलं होतं. तलाठ्यांच्या हस्तलिखित सातबाऱ्यांचे कॅमेऱ्यानं फोटो काढलेले असत. ते सीडीवरून आमच्याकडे येत. फाइल हलकी व्हावी म्हणून आधीच काळेपांढरे केलेले. स्क्रीनच्या डाव्या बाजूला फोटो, उजव्या बाजूला रकाने: गाव, गट नंबर, क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये, पोटखराबा, खातेदारांची नावं, फेरफार नंबर, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीचा नंबर. डावीकडचं वाचायचं आणि उजवीकडे भरायचं. ऐकायला काय, कुणीही करील असं वाटतं. पण एका तलाठ्याचा १ दुसऱ्याच्या ९ सारखा, आणि तिसऱ्याचं अक्षर तर देवालाच कळावं.

म्हणून आमच्याकडे एक म्हातारे निवृत्त तलाठी नेमले होते. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. खुर्चीत मांडी घालून बसायचे, तंबाखू मळायचे आणि अडलेलं वाचून द्यायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला सांगितलं होतं, "पोरींनो, ज्या नावाला कंस केलाय किंवा गोल केलाय, ते नाव गेलं. माणूस मेला असेल, नाहीतर जमीन विकली असेल. ते नाव भरायचं नाही. पण कंस असा उगाच पडत नाही. त्याला फेरफाराचा नंबर साक्षीला असतो. नंबर सापडला नाही तर कंसावर विश्वास ठेवायचा नाही, शंकेची खूण करायची आणि माझ्याकडे पाठवायचं."

आम्ही माना डोलावल्या. पहिलं वाक्य लक्षात राहिलं, बाकीचं राहिलं नाही. शंकेची खूण जास्त केली की बाकीच्या मुली हसायच्या, "हिला अजून वाचता येत नाही." मी तर दिवसाला एखादीच खूण करायची. मोठी शहाणी ना मी.

चुका पकडायची सोयही होती. प्रत्येक सातबारा दोघींनी वेगवेगळा भरायचा, एकमेकींचं न बघता. कॉम्प्युटर दोन्ही ताडून बघायचा. कुठे फरक निघाला तर तो तात्यांकडे जायचा, जुळलं तर पास. त्यामुळे जुळलं म्हणजे बरोबर, अशी आमची ठाम समजूत होती. दोघी मिळून एकच चूक करू शकतात, हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

दिवाळीच्या आधी कच्ची यादी छापून गावोगावच्या चावडीत लागली. हरकती ऐकायचे दिवस दिवाळीनंतरचे ठरले. प्रत्येक गावी आमच्यातलं एक जण छापील यादी आणि फोटोंचे प्रिंट घेऊन जायचं होतं. माझ्या वाट्याला सायखेड्याकडचं एक गाव आलं. एसटीनं गेले. मनात म्हटलं, चला, दिवसभर टायपिंग तरी नाही.

चावडीत मंडल अधिकारी टेबलामागे बसले होते, शेजारी तलाठी दप्तराची गाठोडी सोडून. लोक भिंतीला टेकून बसलेले. सुरुवातीच्या हरकती साध्या निघाल्या. कुणाचं आडनाव चुकलं होतं, कुणाच्या क्षेत्रात टिंब इकडचं तिकडे झालं होतं. मग पन्नाशीची एक बाई उठली. नऊवारी नेसलेली, पदर डोक्यावरून घट्ट. तिनं यादीतला एक गट नंबर सांगितला आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "यात माझ्या भावाचं नाव हाय. माझं नाय. बाप वारला तवा तिघांची नावं चढली व्हती. भावाचं, माझं आन् आईचं. आई गेली. मी तर जित्ती हाय."

अधिकारी म्हणाले, "तुम्ही हक्कसोड लिहून दिली असेल."

"नाय दिली. कुणी मागितली बी नाय." एवढं बोलून ती थांबली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आता मागायची गरजच नाय ऱ्हायली. परस्परच काम झालं."

तेव्हा माझं लक्ष दाराकडे गेलं. तिथे एक माणूस उकिडवा बसला होता. तिच्याहून चारपाच वर्षांनी लहान, पण नाकडोळे अगदी तिचेच. मान वर करून बघतही नव्हता. माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं मला हळूच सगळं सांगितलं. यादी लागली त्या दिवशी बहिणीनं घाटावर चार माणसांत भावाला विचारलं, आई आजारी असताना तुला मी पाठीवर वागवला, आणि तू माझं नाव खोडलंस? त्यानं पोरांच्या शपथा घेतल्या. तिनं एक ऐकलं नाही. तलाठ्याकडे तीन गावं, त्यात दिवाळीची सुट्टी. मूळ दप्तर कुणाला बघायला मिळालं नाही. भाऊबीजेला भाऊ पाटावर बसून वाट बघत राहिला आणि ती आली नाही. कॉम्प्युटरमधून निघालेला कागद खोटा कसा असेल, असं ती साऱ्या गावाला सांगत सुटली होती.

मी प्रिंटच्या गठ्ठ्यातून त्या गटाचा फोटो काढला. वरती बापाच्या नावाला कंस, बाजूला वारसाच्या फेरफाराचा नंबर. खाली तीन नावं. आईच्या नावाला कंस, त्याचाही नंबर बाजूला. आणि बहिणीच्या नावाभोवती एक काळा गोल. त्याच्या बाजूला नंबर नव्हता. कोपऱ्यात नव्हता, वर नव्हता, खाली नव्हता. हा गट मी भरला होता, मला आठवत होतं. दिवस संपत आला होता, शंभरावा की एकशे दहावा सातबारा असेल. गोल दिसला, नाव सोडलं, पुढे गेले. माझ्या शेजारणीनंही तसंच केलं होतं. दोघींचं जुळलं होतं. कॉम्प्युटरनं पास म्हटलं होतं.

"मूळ पान बघू," मी म्हणाले.

तलाठ्यांनी गाठोड्यातली वही ओढली, पानं उलटली, आणि ते पान उघडून आमच्यापुढे ठेवलं. अक्षरं निळ्या शाईची. कंस लाल शाईचे. आणि बहिणीच्या नावाभोवतीचा गोल तपकिरी होता. कडेला जरा फिसकटलेला. तो कुणी काढलाच नव्हता. तो चहाच्या ग्लासाचा डाग होता. काळ्यापांढऱ्या फोटोत चहा आणि शाई एकाच रंगाची झाली होती.

मंडल अधिकारी भला माणूस होता. माझ्याकडे बघून म्हणाले, "फोटोचा दोष. तसं लिहून टाका."

एवढी सोय केली होती त्यांनी, घ्यायला काय हरकत होती? मला आजही वाटतं की दुसरी कुणी असती तर लिहून मोकळी झाली असती. पण तो माणूस दारात बसला होता, पाटावरून उठवल्यासारखा. मी म्हणाले, "नाही साहेब. गोलाला फेरफाराचा नंबर नव्हता. नंबर नसेल तर शंकेची खूण करून विचारायचं, हे मला शिकवलेलं होतं. मी विचारलं नाही. चूक माझी आहे."

मग त्या बाईकडे वळले. तिला वाचता येत नव्हतं. मी तिचं बोट धरून तिच्या नावावर ठेवलं आणि सांगितलं, "मावशी, हे तुमचं नाव. ते कधी खोडलंच गेलं नाही, हा गोल चहाचा डाग आहे. वहीत पहिल्यापासून आहे. यादी करताना मी ते सोडलं. तुमच्या भावानं काही केलेलं नाही. मी केलंय."

ती बोट उचलेना. डागावरून ते हळूहळू गोल फिरवत राहिली. मला वाटलं, आता ही मला शिव्या देणार, आणि द्याव्यात असंही वाटत होतं.

दाराकडून आवाज आला, "त्यो चहा म्या पाजला व्हता."

भाऊ उभा राहिला होता. टेबलापाशी न येता, तिथूनच म्हणाला, "नावं चढली त्या दिशी. आधीचे तलाठी म्हन्ले, बहिनीचं कशाला लावतो, लिहून घे तिच्याकडून, मागनं डोक्याला ताप नको. म्या म्हन्लं, आक्काचं नाव पहिलं लिवा, मंग आमचं. लिवून झालं तवा समद्यांला चहा सांगितला. तलाठ्यांनी गिलास तिथंच टेकवला. म्या म्हन्लं बी, सायेब, वही भिजन."

आणि खरंच. तिघांची नावं होती, त्यात बहिणीचं पहिलं होतं, भावाचं त्याच्या खाली. ते इतका वेळ आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

मी यादीवर तिचं नाव हातानं लिहिलं. तलाठ्यांनी मूळ पानाशी ताडून सही केली, अधिकाऱ्यांनी केली. नाशिकला परत जाऊन तो रकाना दुरुस्त करायचा आणि कारणाच्या जागी 'डाग' असं न लिहिता 'नोंद करणाऱ्याची चूक' असं लिहायचं, हे मी तिथेच ठरवलं आणि तसंच केलं. तात्यांनी ते वाचलं. तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. त्यानंतर मी शंकेच्या खुणा दिवसाला वीसवीस केल्या. हसणाऱ्या हसल्या.

पण ते नंतरचं. चावडीत सह्या होईपर्यंत बहीण तशीच टेबलाला धरून उभी होती. चार माणसांत बोललेला शब्द चार माणसांतच परत घ्यायचा, आणि तो तोंडातून निघत नाही, हे तिच्या चेहऱ्यावर कुणालाही दिसलं असतं. मला तर तिचा हात धरावासा वाटत होता. शेवटी तिनं पदरानं नाक पुसलं आणि भावाकडे न बघताच म्हणाली, "सांग परत चहा समद्यांला."

तो जागचा हलला. चपला पायात सरकवल्या.

"आन् ऐक," ती म्हणाली, आणि आता तिनं त्याच्याकडे बघितलं. "तुज्या घरून आन. पाट तसाच मांडून ठिवायला सांग वहिनीला."

चहा आला तेव्हा माझ्याही हातात ग्लास दिला. चटका बसेल इतका गरम होता. टेबलावर वही उघडी होती, म्हणून संपेपर्यंत तो मी हातातच धरला.