डाळमिलचं अंगण आणि माझ्या नडग्या

दोन बाळंतपणं उरकून सहा वर्षांनी मी पुन्हा खो-खो खेळायला निघाले. धुळ्याचा सामना दोन महिन्यांवर होता आणि मला संघात जागा हवीच होती. जळगावला घरामागे डाळमिलचं डाळ वाळवायचं सिमेंटचं अंगण होतं. मी अतिशहाणी, पहिल्याच दिवसापासून तिथे रोज तासभर अनवाणी धावले. आठवड्यात दोन्ही नडग्या आतल्या बाजूने ठणकू लागल्या. मी तेल चोळून धावतच राहिले.

आम्हाला शिकवणाऱ्या अक्कांनी मला लंगडताना पकडलं.

"एकाच जागी बोट दाबलं की कळ येते? बसल्या-झोपल्या दुखतं?"

"नाही अक्का, धावलं की दुखतं, वीतभर पट्टाच ठणकतो."

"एकाच जागी कळ आली किंवा बसल्या-झोपल्या दुखलं, तर सरळ डॉक्टरकडे जायचं. हाडाला चीर असू शकते. आता धावणं बंद. दुखणं थांबलं की केळीच्या बागेजवळच्या मऊ मातीत, बूट घालून, दिवसाआड थोडं थोडं वाढव. सहा वर्षं पाळणा हलवणारे पाय आठवड्यात हरणीचे होतात का गं?"

मी रुसले, पण ऐकलं.

धुळ्याला शेवटच्या डावात उतरले आणि दोघींना बाद केलं. नडग्या गप्प होत्या. परतीच्या एसटीत मीच पारोळ्यापर्यंत बडबडत होते.